‘ज्ञ’ची फोड

‘ज्ञान’ मराठी माणूस ‘द्न्यान’ म्हणतो, हिंदी माणूस ‘ग्यान’. लिहितात मात्र दोघेही एकच अक्षर. त्यात ना द, ना ग. ‘ज्ञ’ म्हणजे ज् अधिक ञ. संगणकावर ज, मग हलन्ताची खूण, मग ञ टंकले की जोडाक्षर आपोआप जुळते. इनस्क्रिप्टमध्ये तर Shift+5 पुरते.

कानावर विसंबून ‘विग्यान’ किंवा ‘विद्न्यान’ लिहिले की घोटाळा होतो. ‘विज्ञान’ शोधणाऱ्याला असा मजकूर सहसा सापडत नाही. ‘योग्य’, ‘आरोग्य’मधला ग्य मात्र खराच: योग, रोग यांतल्या ग-ला य जोडलेला. ‘सुज्ञ’, ‘कृतज्ञ’, ‘आज्ञा’ हे शब्द ‘ज्ञा’ म्हणजे जाणणे या धातूचे, म्हणून तिथे ज्ञ. रोमनमध्ये Dnyaneshwar लिहितो, तो निव्वळ मराठी उच्चार.