विरघळणारी भूल उशिरा का चढते?

१८४५ च्या जानेवारीत होरॅस वेल्स नावाचा दंतवैद्य बॉस्टनमध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांसमोर उभा राहिला. हातातल्या पिशवीत नायट्रस ऑक्साइड होता, म्हणजे हसवणारा वायू. महिनाभरापूर्वीच त्याने हा वायू हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली होती आणि त्याला दुखलं नव्हतं. बॉस्टनमध्ये मात्र दात निघता निघता समोरचा माणूस ओरडला आणि प्रेक्षकांनी ‘थोतांड’ म्हणत वेल्सची हुर्यो उडवली. पुढच्या वर्षी, १६ ऑक्टोबर १८४६ रोजी, वेल्सचाच जुना सहकारी विल्यम मॉर्टन याने त्याच शहरात गिल्बर्ट ॲबट नावाच्या रुग्णाला ईथर हुंगवलं. सर्जन जॉन वॉरेन यांनी त्याच्या मानेवरची गाठ कापली, तरी ॲबट ओरडला नाही. मॉर्टन इतिहासात गेला. वेल्सने तीनच वर्षांत आत्महत्या केली.

भूलशास्त्र शिकताना ही गोष्ट नशिबाची म्हणून सांगतात. मला ती तशी वाटत नाही. वेल्सला हरवलं ते त्याच्या वायूच्या दोन आकड्यांनी, आणि ते आकडे मोजायला पुढे शंभरावर वर्षं जावी लागली.

पहिला आकडा औषधाच्या जोराचा. १९६० च्या दशकात एडमंड एगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मोजण्याची रीत बसवली. फुप्फुसातल्या वायुकोशांत औषधाचं प्रमाण पंधराएक मिनिटं एकाच पातळीवर धरायचं, म्हणजे मेंदूही त्या पातळीला पोचतो. मग सर्जन त्वचेवर छेद घेतो आणि रुग्ण हात-पाय हलवतो का, ते बघायचं. ज्या प्रमाणाला निम्मे रुग्ण हलत नाहीत, ते त्या औषधाचं ‘मिनिमम अल्व्हिओलर कॉन्सन्ट्रेशन’. आम्ही नुसतं ‘मॅक’ म्हणतो. आकडा जितका लहान, तितकं औषध जोरकस. हॅलोथेनचा मॅक पाऊण टक्का आहे, ईथर आणि सेव्होफ्लुरेन यांचा दोनच्या आसपास. नायट्रस ऑक्साइडचा मात्र १०४ टक्के.

शंभरातले एकशेचार कुठून आणणार? ऑक्सिजनचा थेंबही न ठेवता निव्वळ नायट्रस दिला, तरी साध्या हवेच्या दाबाला तो एक मॅक गाठत नाही. फ्रान्सच्या पॉल बेर यांनी १८७८ च्या सुमारास यावर उपाय शोधला. हवेचा दाब वाढवलेल्या खोलीत ऑक्सिजन मिसळूनही नायट्रसने पूर्ण भूल देता येते, हे त्यांनी दाखवलं. मेंदूला टक्क्यांशी देणंघेणं नसतं, त्याला वायूचा दाब कळतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

दुसरा आकडा विरघळण्याचा. औषध रक्तात जितकं जास्त विरघळेल तितकी भूल लवकर चढेल, असंच कुणालाही वाटेल. घडतं नेमकं उलटं. समजा, एकाच धारेच्या दोन नळांखाली एक रांजण आणि एक तांब्या ठेवला. दोन्हींत सारखंच पाणी पडतंय, पण तांब्यातली पातळी भराभर वर येते आणि रांजणाचा तळही झाकलेला नसतो. पातळी म्हणजे दाब. ईथरसाठी रक्त हा रांजण आहे. वायुकोशातल्या एक लिटर वायूत जेवढं ईथर असेल, त्याच्या बारापट ईथर एक लिटर रक्त त्याच दाबाला पोटात घेतं. श्वासागणिक आलेलं ईथर रक्त ओढून नेतं, वायुकोशातला दाब चढत नाही, आणि तिथे चढला नाही तर मेंदूतही चढत नाही. हॅलोथेनला हा गुणांक अडीचच्या आसपास, सेव्होफ्लुरेनला ०.६५, नायट्रसला ०.४७. अर्ध्या तासात वायुकोशातला नायट्रस हुंगवलेल्या पातळीच्या जवळजवळ ९९ टक्क्यांना पोचतो, सेव्होफ्लुरेन ८५ टक्क्यांना, हॅलोथेन जेमतेम ५८ टक्क्यांना.

आता पुन्हा बॉस्टनला जाऊ. वेल्सचा वायू चपळ होता, पण दुबळा. शिवाय पिशवी फार लवकर काढली गेली, असं त्याने स्वतःच नंतर लिहिलं. रक्तात फारसा न साठलेला वायू काही श्वासांतच बाहेर पडतो, म्हणजे दाताला हात घालेपर्यंत भूल उतरायला लागलेली असणार. मॉर्टनचं ईथर मंद होतं, पण जोरकस. ते ३५ अंशांना उकळतं, त्यामुळे मॅकच्या कितीतरी पट दाट वाफ हुंगवता येते. नळ मोठा सोडला की रांजणही लवकर भरतो. आणि एकदा भरला की रिकामा व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात सर्जनचं काम उरकतं.

मोठा नळ सोडण्याची ही युक्ती आम्ही आजही रोज वापरतो. टॉन्सिलसाठी आलेलं चार वर्षांचं मूल घ्या. सुईला घाबरतं, म्हणून आधी मास्क. पिवळ्या खुणेच्या व्हेपोरायझरची चकती आठ टक्क्यांवर नेतो. या वयात सेव्होफ्लुरेनचा मॅक अडीच टक्के, म्हणजे मूल गरजेच्या तिप्पट दाट वाफ घेत असतं. मिनिटभरात पापणीला बोट लावलं तरी ती मिटत नाही. शिकाऊ डॉक्टर इथेच चुकतात, मूल झोपलं समजून सुई टोचायला जातात. पण डोळे अजून इकडेतिकडे फिरत असतात, श्वास अडखळत असतो. या टप्प्यावर टोचलं तर स्वरयंत्र गच्च आवळून बसतं आणि हवा आत जाईना होते. बुबुळं मध्यावर स्थिरावली, श्वास एकसारखा झाला, उचललेला हात सैल पडला, की मग सुई. आणि लगेच चकती खाली.

चकती खाली आणायला विसरणं सेव्होफ्लुरेनच्या बाबतीतही वाईटच, हॅलोथेनच्या काळात तर ते जिवावर बेतायचं. त्याची चकती पाच टक्क्यांपर्यंत जाते आणि मुलांमधला मॅक एकच्याही खाली, म्हणजे पाचपटींहून जास्त. औषध मंद, म्हणून हात चकती वाढवत जातो. वायुकोशातली पातळी गाठेपर्यंत हृदय दबतं, नाडी मंदावते. हृदय दबलं की फुप्फुसातून रक्त सावकाश जातं, औषध कमी ओढून नेतं, वायुकोशातला दाब आणखी चढतो आणि हृदय आणखी दबतं. खूप रक्त गेलेल्या रुग्णातही हेच चक्र सुरू होऊ शकतं. म्हणून हॅलोथेन काही श्वासांनी अर्धा-अर्धा टक्का वाढवत द्यायचं आणि बोट नाडीवरून काढायचं नाही, असं आम्हाला शिकवलं गेलं.

मग सगळ्यात कमी विरघळणारं औषधच का वापरू नये? डेसफ्लुरेनचा गुणांक ०.४२, नायट्रसपेक्षाही कमी. पण त्याची वाफ श्वासमार्गाला झोंबते. जाग्या मुलाला ती हुंगवली की ते खोकतं, श्वास रोखून धरतं, आणि आकड्यांनी दिलेला वेग तिथेच संपतो. भूल चढल्यावर पुढे चालू ठेवायला ते उत्तम, सुरुवातीला नाही.

सेव्होफ्लुरेन चढतं लवकर, तसं उतरतंही लवकर. चकती बंद केल्यावर थोड्याच मिनिटांत मूल हालचाल करू लागतं, आणि या औषधात वेदना शमवण्याचा गुण जवळजवळ नाही. म्हणून घशाच्या दुखण्यावरचं औषध मूल गाढ झोपेत असतानाच द्यावं लागतं, चकती बंद करण्याच्या बरंच आधी.