अडखळत वाचणारी सात मुलं

'इयत्ता चौथीच्या विद्यार्थ्यांना वाचनात येणाऱ्या अडचणींचा शोध व उपाययोजना.' जिल्हा परिषदेच्या एका शाळेतल्या वर्गशिक्षिकेनं कृतिसंशोधनासाठी हे शीर्षक ठरवलं होतं. असली शीर्षकं शिक्षण परिषदेत नेहमी ऐकायला मिळतात. हे शीर्षक कुठल्याही शाळेला कुठल्याही वर्षी चालतं, आणि म्हणून त्याचा अहवालही कुठल्याही शाळेचा वाटतो. मी म्हटलं, "बाई, शीर्षक राहू द्या. आधी एकेका मुलाला वाचायला बसवू."

तिसरीच्या पातळीचा, मुलांनी न पाहिलेला शंभरेक शब्दांचा उतारा घेतला. मूल वाचतं, मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू असतं आणि बाईंच्या हातात उताऱ्याची दुसरी प्रत असते. चुकलेल्या शब्दाखाली रेघ मारायची आणि मुलानं काय वाचलं ते वर लिहायचं. तीन सेकंद अडलं तर शब्द सांगून टाकायचा आणि ती चूक धरायची. मुलानं स्वतःहून सुधारलं तर बरोबर. मिनिट झालं की तिथं उभी रेघ. उतारा मात्र पुरा करू द्यायचा आणि मग विचारायचं, "काय वाचलंस, सांग बघू."

एका मुलानं मिनिटात ३१ शब्द गाठले, त्यातले ११ चुकले. 'पर्वत'चं 'परवत', 'सूर्य'चं 'सुरय'. रेघा बहुतेक रफाराच्या आणि जोडाक्षरांच्या शब्दांखालीच. एका मुलीनं ४७ शब्द वाचले, चुका तीनच, पण प्रत्येक शब्दानंतर थांबा. विभक्ती लागून लांबलेला शब्द आला की दोन तुकडे. तिसरा ८२ शब्दांपर्यंत सुसाट गेला, चार चुका, आणि गोष्ट विचारल्यावर गप्प.

जुन्या शीर्षकाखाली ही तिन्ही मुलं एकाच रांगेत बसली असती आणि तिघांना 'प्रकट वाचनाचा सराव' हा एकच उपाय मिळाला असता. पहिल्याला अजून अक्षरांची ओळख पक्की करायची आहे. तिसऱ्याला वेग पुरेसा आहे, त्याला अर्थाकडे वळवायचं आहे. ओघवत्या वाचनाचा प्रश्न खऱ्या अर्थानं त्या मुलीचा आहे: तिला शब्द येतात, पण ते आपोआप येत नाहीत. बाईंच्या २२ मुलांत तिच्यासारखी सात निघाली. शंभरातले नव्वद शब्द बरोबर, पण मिनिटाला साठ अचूक शब्दांच्या आत. साठ हा निपुण भारतमध्ये तिसरीसाठी ठेवलेला टप्पा आहे, म्हणून रेघ तिथं ओढली.

बाईंना बाकीच्या पंधरांना सोडवेना. मला वाटतं, कृतिसंशोधन इथंच फसतं. मुलांना वाऱ्यावर सोडायचं नाही, त्यांचं रोजचं शिकवणं चालूच राहतं. फक्त या अभ्यासात त्यांची मोजणी नाही. पालकांचं शिक्षण, घरची बोली, गैरहजेरी हेही बाईंच्या यादीत होतं. सगळं खरं असलं, तरी यातलं काहीच सहा आठवड्यांत त्यांच्या हातानं बदलणारं नव्हतं. गैरहजेरी तेवढी नोंदवून ठेवायची ठरलं.

उपाय एकच घेतला: परिपाठानंतर दहा मिनिटं, जोडीदारासमोर एकच छोटा उतारा तीन-चार वेळा वाचायचा. मग प्रश्न असा झाला: 'अचूक पण अडखळत वाचणाऱ्या चौथीच्या सात मुलांनी सहा आठवडे रोज दहा मिनिटं जोडीनं पुनर्वाचन केलं, तर न वाचलेल्या उताऱ्यात मिनिटाला अचूक शब्द किती वाढतात, आणि गोष्ट सांगता येणं टिकतं का?'

यातला 'न वाचलेल्या' हा शब्द काढला की अभ्यास संपला. सरावाचा उतारा मुलं पाठच करतात. तिथला वेग वाढणारच. गोष्टीची अट नसेल, तर आठवड्याभरात वर्गात शर्यत लागते.

मर्यादाही आधीच लिहून ठेवली. सहा आठवड्यांत मुलं तशीही थोडी पुढं जातात, आणि तुलनेला दुसरा गट नाही. त्यामुळे वाढ पुनर्वाचनामुळेच झाली, असं बाई म्हणू शकणार नाहीत. उपायाच्या काळात इतकी वाढ दिसली, एवढंच म्हणतील.

तुमच्या वर्गात हे करणार असाल, तर सारख्या पातळीचे सहा उतारे सुरुवातीलाच काढून त्यांचे दोन संच करा. चार मुलांना आधी पहिला संच द्या, तिघांना दुसरा, आणि शेवटी अदलाबदल करा. दर वेळी तीन उताऱ्यांतला मधला आकडा धरा. शेवटच्या चाचणीच्या आदल्या दिवशी शोधलेला उतारा हमखास सोपा निघतो.