ग्राहक म्हणतो मैत्रीण, डॅशबोर्ड म्हणतो गूगल

समजा, तुम्ही साड्यांच्या एका ऑनलाइन दुकानाचा डेटा तपासताय. महिन्यात १००० नवीन ग्राहकांनी खरेदी केली. पैसे भरल्यावर प्रत्येकाला एकच प्रश्न दिसला: "आमच्याबद्दल सर्वांत आधी कुठे कळलं?" ४०० जणांनी उत्तर दिलं.

आता ऑर्डर क्रमांकावरून ही उत्तरं जाहिरातींच्या नोंदींशी जोडा. शेवटच्या क्लिकला श्रेय देण्याच्या पद्धतीनुसार या ४०० पैकी १६० ऑर्डर गूगलच्या जाहिरातीतून आल्या. पण त्याच १६० जणांची उत्तरं बघा: ६४ मैत्रीण किंवा नातेवाईक, ४८ इन्स्टाग्राम, ४० गूगल आणि ८ टीव्ही.

मग खोटं कोण बोलतंय? बहुधा कुणीच नाही. मैत्रिणीकडून दुकानाचं नाव कळलं, ते गूगलवर टाइप केलं, वर आलेल्या जाहिरातीवर क्लिक केलं, की श्रेय गूगलला जातं. गूगल अॅड्समधला सर्च टर्म्स रिपोर्ट उघडा. बहुतेक खरेदी दुकानाच्याच नावाच्या शोधातून आली असेल, तर या अंदाजाला बळ मिळतं. म्हणजे सर्वेक्षण ओळख कुठे झाली ते सांगतं आणि क्लिक शेवटचा दरवाजा कोणता ते. दोन्ही आकडे एकाच रकान्यात ठेवून तुलना करू नका.

सर्वेक्षणाचीही उलटतपासणी हवी. या दुकानाने टीव्हीवर कधी जाहिरात केलीच नाही. तो पर्याय मुद्दाम ठेवला होता. तरी १६० पैकी ८, म्हणजे ५ टक्के लोकांनी तो निवडला. त्यामुळे एखाद्या माध्यमाला ४-५ टक्केच मिळाले, तर त्यावरून निष्कर्ष काढू नका. पर्यायांचा क्रमही प्रत्येकासाठी बदलता ठेवा, नाहीतर पहिल्या पर्यायाला फुकटची मतं पडतात.

दुसरा प्रश्न उत्तर न देणाऱ्या ६०० जणांचा. त्यांच्यात गूगल क्लिकवाले १८०, म्हणजे ३० टक्के. उत्तर देणाऱ्यांत ते ४० टक्के आहेत. एकूण प्रमाण ३४ टक्के. म्हणून गूगल गटातल्या प्रत्येक उत्तराला ३४ भागिले ४०, म्हणजे ०.८५ इतकं वजन द्या. बाकीच्या गटांनाही याच रीतीने. मात्र नोंदीत दिसणारा फरकच यातून दुरुस्त होतो. उत्तर न देणारे स्वभावानेच वेगळे असतील, तर वजन देऊन काही उपयोग नाही.

आणि एवढं करूनही "जाहिरात बंद केली तर किती विक्री घटेल?" याचं उत्तर मिळत नाही. त्यासाठी काही जिल्हे चिठ्ठ्या टाकून निवडा, तिथे दुकानाच्या नावावरची जाहिरात काही आठवडे थांबवा आणि उरलेल्या जिल्ह्यांशी एकूण विक्रीची तुलना करा. हा प्रयोग आधी कुठल्या जाहिरातीवर करायचा, ते मात्र वरचं कोष्टक नेमकं दाखवतं.