दहावा कप फुकट, पण कुणाच्या खिशातून?

मोबाईलच्या पारदर्शक कव्हरमागे अडकवलेलं एक जाड कागदाचं कार्ड. दहा चौकोन, त्यांतल्या सहांवर निळ्या शाईचे कपाचे शिक्के, एक शिक्का ओल्या ग्लासमुळे फुटलेला. 'नऊ कप घ्या, दहावा आमच्याकडून.' साताऱ्यात पोवई नाक्याच्या आसपास किंवा सांगलीत विश्रामबागेत नवा कॅफे टाकणाऱ्याच्या मनात योजना म्हणून पहिल्यांदा हेच कार्ड येतं. समजायला सोपं, छापायला स्वस्त. मालकाचा हिशोबही सरळ असतो : दहात एक फुकट, म्हणजे दहा टक्के सूट. नेहमीच्या गिऱ्हाइकासाठी एवढं सोसायला हरकत नाही.

हाच हिशोब चुकतो. सूट दहा टक्के दिसते, पण ती विक्रीच्या रकमेवर मोजलेली असते. ती निघते मात्र नफ्यातून.

एका कपाचं पोट उघडून पाहू

उदाहरणासाठी विश्रामबागेतला एक छोटा कॅफे डोळ्यांसमोर धरू. एका बाजूला विलिंग्डन, दुसऱ्या बाजूला वालचंद कॉलेज, मध्ये भाड्याच्या खोल्यांत राहणारी मुलं आणि आसपासच्या बँका-ऑफिसांतली मंडळी. कोल्ड कॉफी ८० रुपयांना, कर वेगळा. दूध, कॉफी, साखर, आइस्क्रीमचा गोळा, ग्लास आणि स्ट्रॉ धरून मालखर्च ३० रुपये. म्हणजे प्रत्येक कपामागे ५० रुपये हाती राहतात आणि भाडं, पगार, वीजबिल याच ५० रुपयांतून भागवायचं असतं.

या कॅफेची १०० नेहमीची गिऱ्हाइकं आहेत. प्रत्येक जण महिन्यात सरासरी सहा वेळा येतो. महिन्याला ६०० कप, हाती ३०,००० रुपये.

आता कार्ड सुरू केलं आणि लोक पूर्वीइतकेच येत राहिले असं समजा. दहा कपांतल्या नऊंचे प्रत्येकी ५० याप्रमाणे ४५० रुपये मिळाले. दहाव्या कपाचे ३० रुपये मालखर्चात गेले. उरले ४२०. योजना नसती तर याच दहा कपांचे ५०० मिळाले असते. दहा टक्के वाटणारी सूट हाती येणाऱ्या रकमेतून सोळा टक्के घेऊन गेली.

योजनेनंतर प्रत्येक कपामागे सरासरी ४२ रुपये राहतात. पूर्वीचे ३०,००० परत मिळवायला ६०० नव्हे, सुमारे ७१४ कप द्यावे लागतील. म्हणजे सहा वेळा येणाऱ्याने सात वेळांहून थोडं जास्त यायला हवं, एकोणीस टक्के अधिक. तेही फायद्यासाठी नव्हे, फक्त होतं तिथेच राहण्यासाठी. फक्त कार्डाच्या जोरावर सगळ्या गिऱ्हाइकांच्या सवयीत एवढा बदल होईल, यावर धंदा लावणं धाडसाचं आहे.

फुकट काय द्यायचं, हा खरा प्रश्न

गिऱ्हाईक एरवीही जे विकत घेणारच होतं तेच फुकट दिलं, तर मालकाचे पूर्ण ८० रुपये जातात. तो कप सवयीबाहेरचा, जादा असेल, तर फक्त ३० जातात. वस्तू तीच, पण तिची किंमत दोन वेगळ्या प्रकारे पडते. म्हणून बक्षीस असं निवडावं की ज्याची मेन्यूवरची किंमत गिऱ्हाइकाला मोठी वाटेल, मालखर्च कमी असेल आणि ते गिऱ्हाईक एरवी सहसा मागवत नसेल.

समजा, या कॅफेत बन मस्का ५० रुपयांना आहे, मालखर्च १४ रुपये. कोल्ड कॉफी घेणाऱ्यांतले फार थोडे तो मागवतात. आठ कपांवर एक बन मस्का, अशी योजना करू. सावधपणे असं धरू की चारांतला एक जण तो एरवीही विकत घेणारच होता. त्याच्यापुरते ५० रुपये बुडाले, उरलेल्या तिघांमागे १४-१४ खर्च झाले. सरासरी एका बक्षिसामागे २३ रुपये. आठ कपांच्या ४०० रुपयांतून २३ वजा जाता ३७७ उरतात, म्हणजे कपामागे सुमारे ४७. आता ३०,०००ची पातळी गाठायला ६३७ कप पुरतात. एकोणीस टक्क्यांची चढण सहा टक्क्यांवर आली. गिऱ्हाइकाच्या हाती बक्षीस दोन कप आधी पडलं आणि त्याची नवीन चवीशी ओळखही झाली. पुढे तोच बन मस्का पैसे देऊन मागवला गेला, तर ती कमाई या हिशोबाच्या वरची.

बक्षीस कधी घ्यायचं, हेही ठरवून ठेवायला हवं. विश्रामबागेत दुपारी तीन ते पाचच्या उन्हात खुर्च्या मोकळ्या असतात, पोरगा काउंटरवर रिकामा असतो आणि त्याचा पगार व दुकानाचं भाडं तर चालूच असतं. तेव्हा दिलेल्या बन मस्क्याची किंमत खरोखर १४ रुपये पडते. संध्याकाळी सातला टेबलं भरलेली असताना तोच फुकटचा पाहुणा पैसे देणाऱ्या दुसऱ्याची जागा अडवतो. म्हणून कार्डावर ठळक लिहावं : बक्षीस सोमवार ते गुरुवार, दुपारी तीन ते पाच. बारीक अक्षरात लपवलेल्या अटीवरून काउंटरवर वाद होतो आणि त्या वादात गमावलेलं गिऱ्हाईक बन मस्क्यापेक्षा महाग पडतं.

खाडा ठाऊक असलेल्या गावात

सांगलीत मेसवर जेवलेल्या कुणालाही 'खाडा' समजावून सांगावा लागत नाही. महिन्याचे पैसे आधी भरायचे, गावाला गेलं तर खाडा धरायचा, पण किती दिवस सलग गैरहजर राहिलं तर धरायचा हे मेसवाल्याने आधीच ठरवलेलं असतं. मुदत आणि अट यांतून ती व्यवस्था चालते. कॅफेच्या कार्डालाही मुदत लागते.

आठ शिक्के तीस दिवसांत भरायचे, अशी मुदत ठेवली तर महिन्यात सहा वेळा येणाऱ्याला दोन फेऱ्या जास्त माराव्या लागतात. हातातल्या सवयीपेक्षा उंबरठा जरासा वर असावा. सहांच्या जागी पंधरा मागितले तर तो कार्ड खिशातच ठेवून विसरेल. पाच मागितले तर एरवीच्या सवयीवरच बक्षीस पदरात पडेल. यासाठी योजना आखण्याआधी चार आठवडे नोंद ठेवावी लागते : कोण किती वेळा येतं? बिलिंग करताना फोन नंबर घेतला जात असेल तर हे अहवालात दिसतं. नाहीतर वहीत नावापुढे रोज एक रेघ मारली तरी पुरे.

महिन्यात वीस वेळा येणारा बँकेतला माणूस मात्र अडीच कार्डं भरेल, त्याच्या सवयीत काही बदल न होता. त्याला ते मिळू द्यावं. त्याच्यामुळे महिन्याला १,००० रुपये हाती राहतात आणि त्याच्या बक्षिसांवर साठएक रुपये जातात. दहाव्या फुकट कपाच्या योजनेत हेच १६० झाले असते.

मुदत असली तरी माणुसकी सोडायची नाही. ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा सांगलीत दिवसच्या दिवस सगळं थांबलं होतं. अशा वेळी आणि परीक्षेच्या सुट्टीत काउंटरवरून मुदत वाढवून द्यावी.

दोन शिक्के आधीच मारलेले

कार्डावर आठ चौकोन छापण्याऐवजी दहा छापून पहिल्या दोनांवर देतानाच शिक्के मारले, तर गिऱ्हाइकाला कप तेवढेच घ्यावे लागतात. फरक पडतो तो मनाच्या ओढीत. संशोधक रॅन किवेट्झ आणि सहकाऱ्यांनी कोलंबिया विद्यापीठातल्या कॅफेत हे तपासलं आणि २००६मध्ये प्रसिद्ध केलं. काहींना दहा रिकामे चौकोन दिले, काहींना बारा, त्यांतले दोन भरलेले. दुसऱ्या गटाने तेच दहा कप साडेपंधरा दिवसांऐवजी तेराहून कमी दिवसांत पूर्ण केले. बक्षीस जवळ आलं की लोक लवकर लवकर येतात आणि बक्षीस मिळाल्यावर वेग परत उतरतो, हेही त्यांना दिसलं. म्हणून बन मस्का टेबलावर ठेवतानाच पुढचं कार्ड, दोन शिक्क्यांसह, हातात द्यावं.

साताऱ्यात तेच कार्ड बदलतं

साताऱ्यातल्या कॅफेचा शनिवार-रविवार निराळा असतो. कास पठार २०१२मध्ये पश्चिम घाटासोबत जागतिक वारशात गेलं. फुलांच्या हंगामात तिकडे जाणाऱ्या गाड्या वाटेत थांबतात. त्या प्रवाशाच्या हाती दिलेलं कार्ड टोलनाक्यापर्यंतही टिकत नाही आणि तो गेल्यावर पुन्हा येईल ते पुढच्या वर्षी. इथे कार्ड दुसऱ्या भेटीलाच द्यावं, तेही आठवड्यातल्या कामाच्या दिवशी. गर्दी आपोआप होते त्या दिवशी शिक्का नको. जिल्हा परिषदेतली, कोर्टातली, दवाखान्यातली माणसं मंगळवारी दुपारी यावीत, यासाठी ही योजना आहे.

चाललं की नाही, कसं ओळखायचं

सर्वांत मोठी फसगत मोसमाची असते. विश्रामबागेत योजना जुलैत सुरू केली तर कॉलेज उघडल्याने विक्री वाढेल आणि श्रेय कार्डाला जाईल. मेमध्ये सुरू केली तर मुलं गावी गेल्यामुळे पडलेली विक्री कार्डाच्या माथी येईल. मागच्या महिन्याशी तुलना त्यामुळे निरुपयोगी ठरते.

उपाय सोपा आहे. ज्यांच्या फोन नंबरचा शेवटचा अंक सम, त्यांना कार्ड आधी द्या. विषम अंकवाल्यांना आठ आठवड्यांनी. मोसम दोन्ही गटांना सारखाच लागतो. आठ आठवड्यांनी विषम गट महिन्याला सरासरी ६.१ वेळा आला आणि सम गट ६.९ वेळा, असं समजा. विषम गटाकडून माणशी ३०५ रुपये मिळतात. सम गटाकडून कपामागे ४७ धरले तर ३२४. माणशी १९ रुपये जास्त. १०० गिऱ्हाइकांमागे महिन्याला १,९००. त्यातून छपाईचे शे-दोनशे वजा करा. ही कमाई मोठी नाही, पण खरी आहे. फरक ६.१ आणि ६.२ असा निघाला तर तो योगायोगही असू शकतो, आणि कार्डाचा खर्च मात्र निश्चित असतो. मग योजना थांबवावी.

दोन गोष्टी रोज करायच्या आहेत. कार्ड देतानाचे दोन सोडले तर शिक्का फक्त बिलावरच मारायचा आणि रात्री दिवसभराचे शिक्के व कोल्ड कॉफीची बिलं जुळवायची. बिलांपेक्षा शिक्के जास्त निघाले तर काउंटरवरचा कुणीतरी मित्रांची कार्डं भरतोय. दुसरं, बिलावर मारलेल्या प्रत्येक शिक्क्यामागे गल्ल्यातून तीन रुपये काढून वेगळ्या डब्यात ठेवायचे. आठ शिक्क्यांचे चोवीस होतात आणि बन मस्क्याची सरासरी किंमत तेवीस आहे. ज्या दिवशी कार्ड भरून समोर येईल, त्या दिवशी त्याचे पैसे आधीच बाजूला पडलेले असतील.