पंधरा तारीख संपते सोळाला, साडेपाच वाजता

न्यूरिप्स ही संगणकशास्त्रातली एक मोठी वार्षिक परिषद आहे. २०२५ च्या परिषदेसाठी पूर्ण पेपर पाठवायची शेवटची तारीख जाहीर झाली ती अशी: १५ मे, आणि पुढे तीन अक्षरं, AoE. पुण्यातल्या एखाद्या एम.टेक.च्या मुलाने ही ओळ वाचली, तर त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो रात्री बाराचा. कुणाच्या रात्री बारा? आपल्या, अमेरिकेच्या की परिषद भरवणाऱ्यांच्या? खरं उत्तर या तिन्हींपेक्षा वेगळं आहे. भारतात ही मुदत संपली शुक्रवारी, १६ मेच्या संध्याकाळी साडेपाचला.

AoE म्हणजे ‘एनीव्हेअर ऑन अर्थ’, पृथ्वीवर कुठेही. नियम एका वाक्यात मावतो. जोवर पृथ्वीच्या पाठीवर कुठल्याही एका ठिकाणी ती तारीख चालू आहे, तोवर मुदत संपलेली नाही. तारीख सगळीकडून मावळली, की दार बंद.

इथे बरेच जण अडखळतात. ‘कुठेही’ हे वाचून त्यांना वाटतं की जो जिथे असेल, त्याने तिथल्या घड्याळाप्रमाणे रात्री बारापर्यंत पाठवावं. नियम तसा नाही. मुदतीचा क्षण साऱ्या जगाला एकच आहे, फक्त तो शक्य तितका उशिराचा निवडलेला आहे. स्वतःच्या घड्याळाप्रमाणे बाराच्या आत पाठवणारा बिनघोर असतो हे खरं, पण भारतात बसून असं वाचणारा हातातले साडेसतरा तास सोडून देतो.

हे साडेसतरा तास कुठून येतात ते पाहण्यासाठी पॅसिफिक महासागराच्या मध्यावर जावं लागतं. एखादी तारीख पृथ्वीवर सगळ्यात आधी उगवते ती किरिबाटी देशाच्या पूर्वेकडच्या लाइन बेटांवर. त्यांचं घड्याळ जागतिक वेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, चौदा तास पुढे चालतं. पूर्वी तसं नव्हतं. एकाच देशाच्या दोन भागांत दोन तारखा चालायच्या. एका भागात सोमवारचं ऑफिस उघडायचं तेव्हा दुसऱ्या भागात रविवारची सुट्टी असायची. १९९४ संपून १९९५ लागताना पूर्वेकडच्या बेटांनी एक दिवस गाळला आणि ती तारखेच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे जाऊन बसली.

तीच तारीख सगळ्यात शेवटी मावळते ती हाउलंड आणि बेकर या दोन इवल्याशा बेटांवर. विषुववृत्ताला जवळजवळ चिकटलेली ही बेटं अमेरिकेच्या ताब्यात आहेत आणि तिथलं घड्याळ यूटीसीच्या बारा तास मागे धरलं जातं. वैमानिक अमेलिया इअरहार्ट १९३७ साली ज्या बेटाकडे निघाली आणि कधीच पोहोचली नाही, ते हेच हाउलंड. आज दोन्ही बेटं वन्यजीवांसाठी राखीव आहेत आणि माणूस तिथे वस्तीला नाही. जगभरचे संशोधक ज्या घड्याळावर रात्री जागवतात, ते घड्याळ बघायला तिथे समुद्रपक्ष्यांखेरीज कुणी नाही! माणसांची वस्ती असलेली शेवटची जागा धरायची, तर अमेरिकन सामोआपाशी, एक तास आधीच थांबता आलं असतं. पण नियमात शब्द आहे तो पृथ्वीचा, वस्तीचा नाही.

एका टोकाला चौदा तास पुढे, दुसऱ्या टोकाला बारा तास मागे. म्हणून कुठलीही एक तारीख पृथ्वीवर चोवीस नव्हे, तर पन्नास तास नांदते. आपल्या घड्याळात मांडायचं तर १५ मे ही तारीख लाइन बेटांवर उगवली तेव्हा आपल्याकडे १४ मेची दुपार होती, साडेतीन वाजलेले. हाउलंडवर ती मावळली तेव्हा आपण १६ मेच्या संध्याकाळी साडेपाचला पोहोचलो होतो. AoE ची मुदत म्हणजे या पन्नास तासांचं शेवटचं टोक.

ही पद्धत मुळात परिषदांची नाही. बिनतारी ब्रॉडब्रँडची, पुढे वायमॅक्स म्हणून ओळखली गेलेली मानकं आयईईईच्या ८०२.१६ या गटाने तयार केली. मसुद्यांवर मतदान व्हायचं आणि मतदार देशोदेशी विखुरलेले. अमुक तारखेच्या दिवसअखेर म्हटलं की कुणाच्या दिवसाची अखेर, हा वाद ठरलेला. AoE ने तो मुळातच मिटवला, कारण कुणाच्याही भिंतीवरच्या कॅलेंडरावर ती तारीख दिसत असताना त्याचं मत उशिरा आलं असं म्हणता येत नाही. संगणकशास्त्रातल्या परिषदांनी ही सोय पुढे उचलली.

आता प्रत्यक्ष वाचन. नोटिशीत फक्त तारीख आणि AoE असेल, तर वेळ रात्री ११:५९ समजायची. त्यात बारा तास मिळवले की जागतिक वेळ मिळते. १५ मे, रात्री ११:५९ म्हणजे यूटीसीमध्ये १६ मे, सकाळी ११:५९. त्यात भारताचे साडेपाच तास मिळवा, संध्याकाळचे ५:२९ येतात. भारतात घड्याळं मागेपुढे करत नाहीत आणि AoE लाही उन्हाळी वेळ नाही. त्यामुळे हा फरक बारा महिने तेवढाच राहतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेनुसार दिलेल्या मुदतीचं तसं नसतं. तिथे आपल्यातलं अंतर उन्हाळ्यात साडेबारा तास आणि हिवाळ्यात साडेतेरा तास असतं, आणि मार्च किंवा नोव्हेंबरातली मुदत असेल तर घड्याळं बदलली की नाही हे आधी पाहावं लागतं. मला AoE आवडते ती एवढ्यासाठी. भारतात बसलेल्याला हिशेब एकदाच करावा लागतो: दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाच.

पेपरचे लेखक तीन देशांत असले की मात्र प्रत्येकाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. समजा, एक जण पुण्यात आहे, दुसरी म्युनिकला आणि तिसरा सॅन होजेला. त्याच मुदतीचा शेवटचा मिनिट पुण्यात शुक्रवारी संध्याकाळी ५:२९, म्युनिकला दुपारी १:५९, आणि सॅन होजेला पहाटे ४:५९. शेवटची पीडीएफ चढवायचं काम कुणाकडे द्यायचं हे इथेच ठरतं. सॅन होजेवाला गुरुवारी रात्री झोपायला जाताना सगळं हातावेगळं करू पाहतो. तेव्हा पुण्यात शुक्रवारची दुपार नुकतीच सुरू झालेली असते आणि त्यानंतरचे चार-पाच तास पुण्याच्या आणि म्युनिकच्या हातात राहतात.

चुका होतात त्या ठरावीक जागी. सगळ्यात महागात पडते ती अधिक-उणेची. AoE म्हणजे यूटीसी उणे बारा. अधिक बारा धरलं तर उत्तर बरोब्बर चोवीस तासांनी आधीचं येतं, म्हणजे १५ मेलाच संध्याकाळी ५:२९. स्वतः पाठवणाऱ्याचं त्यात एक दिवसाचंच नुकसान. पण मुदतीचं पोर्टल लावणाऱ्या आयोजकाकडून हे झालं, तर दार सगळ्यांसाठीच एक दिवस आधी बंद होतं. हा घोळ होण्यासारखा आहे, कारण संगणकाच्या वेळपट्ट्यांच्या यादीत या पट्टीचं नाव `Etc/GMT+12` असं आहे. त्या यादीत `Etc` वर्गातली चिन्हं जुन्या संकेतानुसार उलटी लिहिलेली आहेत, त्यामुळे तिथल्या अधिक बाराचा अर्थ उणे बारा. हे ज्याला माहीत नाही तो चिन्ह ‘दुरुस्त’ करून `Etc/GMT-12` निवडतो आणि फसतो. लिनक्सवर काम करणाऱ्याने नावाच्या वाटेला न जाता आकडाच द्यावा:

```
TZ=Asia/Kolkata date -d '2025-05-15T23:59:59-12:00'
```

उत्तरात १६ मे, १७:२९:५९ दिसलं की हिशेब जुळला.

दुसरी जागा पडद्यावरची. नोटिशीत १५ मे वाचलेलं असतं आणि पेपर चढवायच्या पानावर `May 16 2025 11:59AM UTC-0` अशी ओळ दिसते. तारीख वेगळी, वेळ वेगळी. मुदत वाढली की काय, असं वाटून कुणी हुरळतो, तर कुणी दुपारी बाराला दार बंद होणार म्हणून घाबरतो. प्रत्यक्षात दोन्ही ओळी एकाच क्षणाच्या आहेत. शेवटी असलेलं `UTC-0` वाचायचं राहिलं, की ११:५९ ही आपल्याकडची सकाळ वाटते. दोन ठिकाणच्या वेळा यूटीसीत आणूनही जुळल्या नाहीत, तर मात्र आयोजकांना लगेच विचारावं, आणि उत्तर येईपर्यंत जी आधीची असेल ती खरी मानावी.

तिसरी जागा मध्यरात्रीची. १५ मे, ००:०० AoE असं कुणी लिहिलं, तर ती पंधराची सुरुवात आहे, अखेर नव्हे. आपल्याकडे तेव्हा १५ मेचेच साडेपाच वाजलेले असतात, संध्याकाळचे. म्हणूनच जाणती मंडळी बारा न लिहिता ११:५९ लिहितात.

न्यूरिप्सच्या त्या वर्षीच्या वेळापत्रकात आणखी एक तारीख होती, ११ मे. ती पेपरच्या सारांशाची. सारांश वेळेत नोंदवला नसेल, तर चार दिवसांनी पूर्ण पेपर देताच येत नाही. ११ मे रविवार होता, आणि AoE धरल्यावर भारतातली मुदत सोमवारी, १२ मेच्या संध्याकाळी संपणारी. रविवारी रात्री बारानंतर ‘राहिलंच’ म्हणून हताश झालेल्याच्या हाती तेव्हा अख्खा सोमवार शिल्लक होता. पण एकदा सोमवारचे साडेपाच वाजून गेले, की १५ मेच्या तारखेचा त्याला काहीच उपयोग नव्हता.

शेवटच्या मिनिटाबद्दल एवढंच, की ११:५९ म्हणजे ११:५९:०० की ११:५९:५९, हे पोर्टल लावणाऱ्यावर अवलंबून असतं. आणि वेळ मोजतो तो त्यांचा सर्व्हर, तुमच्या लॅपटॉपचा कोपरा नव्हे. फाइल चढायला सुरुवात कधी झाली यापेक्षा ती पोहोचल्याची नोंद कधी झाली, हेच सहसा धरलं जातं. भारतातल्या माणसाने पाच वाजता काम संपवायचं ठरवलं, तर हा प्रश्नच उरत नाही.

AoE ही सवलत लिहिलेली असेल तरच मिळते. नुसती तारीख दिली असेल, तर आयोजकांच्या गावची वेळ असू शकते, पोर्टलची असू शकते. आयकर विवरणपत्र, विद्यापीठाचा परीक्षा अर्ज, सरकारी निविदा यांना भारतीय वेळ लागू असते, तिथे हाउलंडचा काही संबंध नाही. आणि ही पद्धत शेवट ठरवण्यासाठी आहे, सुरुवात ठरवण्यासाठी नाही. ‘नोंदणी १५ मे AoE ला सुरू’ असं कुणी लिहिलं, तर त्यातून काहीच कळत नाही: पृथ्वीवर तारीख पहिल्यांदा उगवते तेव्हा, की हाउलंडवर उगवते तेव्हा? या दोन क्षणांत सव्वीस तासांचं अंतर आहे. अशी ओळ दिसली तर यूटीसीमधली नेमकी वेळ मागवून घ्यावी.