पहाटे साडेपाचला उतरणारे कुटुंब
मोरजीच्या हॉटेलात आलेल्या एका रशियन ई-मेलला उत्तर कसे द्यावे?

दिवाळी सरली की उत्तर गोव्यात मोरजी, मांद्रे, अश्वे पट्ट्यातल्या हॉटेलांकडे रशियन भाषेतल्या चौकश्या येऊ लागतात. मार्च २०२२ मध्ये बुकिंग डॉट कॉमने रशियातली सेवा थांबवली. त्यामुळे टूर कंपनी नको असलेल्या कुटुंबाला हॉटेलला थेट लिहिणे हा सरळ मार्ग राहिला. नमुन्यादाखल अशी एक चौकशी घेऊ. आई-वडील, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा. मुक्काम २ ते १२ जानेवारी, म्हणजे रशियातल्या नववर्षाच्या सुट्टीच्या सुमारास. प्रश्न तीन: खोल्या कोणत्या प्रकारच्या आहेत, नाश्ता भाड्यात धरलेला आहे का, आणि विमानतळावर गाडी पाठवाल का?

बहुतेक हॉटेले इथे छापील दरपत्रक जोडून मोकळी होतात. पण तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच गोष्टीवर ठरते, ती म्हणजे विमान उतरण्याची वेळ. म्हणून आधी विमानाचा क्रमांक मागवावा. समजा, विमान २ जानेवारीला रात्री ८ वाजता मॉस्कोहून निघते. प्रवास सातेक तासांचा आणि भारताची वेळ मॉस्कोपेक्षा अडीच तास पुढे. म्हणजे चाके टेकतात ती ३ तारखेच्या पहाटे साडेपाचला. पत्रातली २ तारीख ही घरातून निघण्याची आहे.

आता खोलीचा हिशेब करू. खोली दुपारी दोनला मिळणार असेल, तर झोपाळलेली दोन मुले सकाळभर लॉबीत बसणार. ३ ते १२ या नऊ रात्री झाल्या. पहाटे खोली तयार हवी असेल तर २ तारखेची रात्रही धरावी लागेल, म्हणजे दहा. दोन्ही रकमा उत्तरात वेगवेगळ्या लिहाव्यात. ‘लवकर आलात तर बघू’ या वाक्यावर कुणी चार तिकिटे काढत नाही.

खोलीचा प्रकार वाचताना मात्र डोळ्यांत तेल घालावे लागते. रशियनमध्ये ‘द्वुखमेस्नी’ म्हणजे दोघांची खोली आणि ‘द्वुखकोम्नात्नी’ म्हणजे दोन खोल्यांचा संच. आईने दुसरा शब्द लिहिला असेल आणि आपण तो ‘डबल रूम’ असा वाचला, तर चौघे एका पलंगासमोर उभे राहतील. उत्तरात नुसते ‘फॅमिली रूम’ लिहून भागत नाही. किती खोल्या, मध्ये दार आहे का, मोठा पलंग एक की सुटे दोन, जादा गादी जमिनीवर की घडीच्या खाटेवर, हे लिहावे आणि त्याच खोलीचा फोटो जोडावा. मुलांची वये पत्रात दिलेली असतात; जादा पलंगाचा दर त्या वयांप्रमाणेच सांगावा.

नाश्त्याच्या प्रश्नातही तीच पहाट आहे. २ तारखेची रात्र धरली असेल तर ३ तारखेचा नाश्ता त्यातच येतो. धरली नसेल तर त्याचे पैसे वेगळे का, हे आधीच सांगावे. ‘श्वेद्स्की स्तोल’ म्हणजे बुफे. तो आहे की पदार्थ मागवायचे, आणि किती वाजेपर्यंत, तेही कळवावे. लहान मुलासाठी रशियन घरांत सकाळी ‘मान्नाया काशा’ करतात. ही दुधात शिजवलेली रव्याची पातळ खीर. रवा आणि दूध आपल्या स्वयंपाकघरात असतेच. वेलची, सुका मेवा न घालता करून देता येईल, एवढी एक ओळ त्या आईला पुष्कळ असते.

गाडीच्या बाबतीत मात्र गफलत महागात पडते. ५ जानेवारी २०२३ पासून गोव्याला दोन विमानतळ आहेत. तिकिटावर GOI असेल तर दाबोळी, GOX असेल तर मोपा. मोरजीला मोपा जवळ. दाबोळी मांडवी आणि झुआरी ओलांडून पलीकडे. चालक चुकीच्या ठिकाणी नावाची पाटी धरून उभा राहिला, तर कुटुंब पहाटे अडकते. चार माणसे आणि चार मोठ्या बॅगा म्हटल्यावर डिकीत सीएनजीची टाकी असलेली सेडान पुरत नाही. रशियात सात वर्षांखालच्या मुलाला गाडीत बालआसन सक्तीचे आहे, म्हणून चार वर्षांच्या मुलासाठी ते मागितले जाईल. नसेल तर ‘नाही’ असेच लिहावे. त्यांना घरचे आणता येते. इमिग्रेशन आणि सामानात तासभर सहज जातो, तेव्हा थांबण्याचे जादा पैसे लागतात का, तेही स्पष्ट असावे.

एक अडचण पाहुण्यांच्या हातात नाही. रशियन बँकांनी दिलेली व्हिसा आणि मास्टरकार्ड मार्च २०२२ पासून परदेशात चालत नाहीत. आगाऊ रकमेसाठी कार्डाची लिंक पाठवली तर व्यवहार फसतो आणि हॉटेलला वाटते, गिऱ्हाईक पक्के नाही. मोसमाच्या ऐन गर्दीत खोली किती तारखेपर्यंत राखून ठेवू आणि पैसे कसे घेऊ, हे पहिल्याच पत्रात ठरवावे.

उत्तर छोट्या वाक्यांत, रशियन आणि इंग्रजी दोन्हींत द्यावे. वर आगमनाची तारीख, वेळ आणि विमानतळ. खाली खोली, नाश्ता, गाडी. शेवटी रुपयांत एकूण रक्कम. आगमनाची ओळ चुकली असेल, तर ती आई उलटटपाली दुरुस्त करून पाठवील आणि बाकीचा हिशेब त्याच दिवशी नव्याने मांडता येईल.