शेवग्याची शेंग, शेंग नव्हे

मटाराची शेंग सोलताना जरा थांबून आत पाहा. शेंगेचे दोन भाग होतात आणि दाणे एकाच शिवणीला लागलेले असतात, एक डाव्या सालीला, पुढचा उजव्या सालीला. आता झाडावरच वाळून तडकलेली शेवग्याची शेंग हातात घ्या. तिच्या तीन फाका होतात आणि आतल्या बीला कागदासारखे तीन पंख असतात. दोन्हींना आपण शेंगच म्हणतो. पण मटाराची शेंग फुलातल्या एकाच कप्प्यातून वाढते, शेवग्याची तीन कप्पे जुळून. वनस्पतिशास्त्रात शेंग म्हणतात ती पहिलीला. दुसरी नुसती लांबट फळ.

या फळाने खुद्द लिनियसलाही चकवले. स्वीडनच्या या शास्त्रज्ञाने 1753 साली ‘स्पीशीज प्लांटारम’ या ग्रंथात प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे लॅटिन नाव दिले. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा त्या प्रजातीतली नेमकी जात सांगणारा. त्याआधी एकेका झाडाचे नाव म्हणजे ओळभर वर्णन असायचे. शेवग्याला त्याने नाव दिले गिलँडिना मोरिंगा, म्हणजे ज्या प्रजातीत आपला सागरगोटा येतो तिच्यातच बसवले. सागरगोटा अस्सल शेंगवर्गीय. लिनियस मुख्यतः पुंकेसर मोजून गट पाडायचा. सागरगोट्यात ते दहा. शेवग्यातही दहाच भरतात, पण त्यातले पाच वांझ. पुढे 1785 साली लामार्कने शेवगा तिथून बाहेर काढला आणि मोरिंगा ओलीफेरा हे नाव दिले. आज त्याचे स्वतंत्र कुल आहे आणि सर्वांत जवळचा नातलग आहे पपई. मोहरी, कोबी हे जरा दूरचे. पपईची बी चावली की मोहरीसारखी झणझणते, शेवग्याचे मूळही तसेच तिखट, ते याच नात्यामुळे.

मग शेंगवर्गीय कुल ओळखायचे कसे? वाटाणा, हरभरा, तूर, चवळी यांचे फूल पाहावे. पाच पाकळ्यांतली एक मोठी, मागे उभी राहते, तिला ध्वज म्हणतात. बाजूच्या दोन म्हणजे पंख. खालच्या दोन एकमेकींना चिकटून होडी करतात आणि त्या होडीत केसर लपलेले असतात. भुईमुगाचे पिवळे फूलही हुबेहूब असेच. ते जमिनीवर फुलते, मग आऱ्या सुटून मातीत शिरतात आणि शेंग तिथे भरते. म्हणून मातीत सापडली तरी ती खरी शेंग. ही खूण सगळीकडे चालत नाही, हेही लक्षात ठेवावे. बाभळीच्या फुलांचे पिवळे गोंडे असतात, आपटा आणि कांचन यांना होडी नसते. तिथे फुलावरून कुल कळत नाही. एका कप्प्याचे, एका शिवणीला बिया धरणारे फळ हाच पुरावा.

वांग्याच्या कुलात खूण वेगळी आहे. वांग्याच्या जांभळ्या फुलात पाकळ्या बुडाशी जुळून पाच टोकांची चांदणी होते आणि मधोमध पाच पिवळे परागकोश उभे असतात. टोमॅटो आणि बटाट्याच्या फुलात हे कोश एकत्र येऊन शंकूच होतो. दुसरी खूण देठाशी: फुलाचा हिरवा निदलपुंज गळत नाही, फळाबरोबर राहतो. वांग्याची काटेरी टोपी तीच, टोमॅटोवरची हिरवी चांदणीही तीच. धोतऱ्याचे फूल कर्ण्यासारखे लांब, तरी पाकळ्या जुळलेल्या आणि केसर पाचच. तोही याच घरातला, आणि जहरी.

टोमॅटोचे नाव मात्र दोनदा बदलले. लिनियसने त्याला वांगे-बटाट्याच्या सोलॅनम प्रजातीत घातले. फिलिप मिलरने त्याला वेगळी प्रजाती दिली आणि 1768 मध्ये ठेवलेले लायकोपर्सिकॉन एस्कुलेंटम हे नाव दोन शतकांहून अधिक काळ पुस्तकांत छापले गेले. डीएनए तपासल्यावर तो बटाट्याचा अगदी जवळचा भाऊ निघाला, म्हणून तो पुन्हा सोलॅनम लायकोपर्सिकम झाला. बटाट्याला कधी फळ धरलेच तर ते हिरव्या छोट्या टोमॅटोसारखे दिसते. ते खाऊ नये, विषारी असते.

आणि ‘बटाटा’ हा शब्द? पोर्तुगीजांबरोबर तो आपल्याकडे आला, पण कॅरिबियन बेटांवर त्याचा मूळ अर्थ होता रताळे. रताळ्याचे नाव दुसऱ्याच कंदाला चिकटले. रताळ्याला फूल आले तर पाहा: फिकट जांभळे, नरसाळ्यासारखे. ओढ्याकाठी माजलेल्या बेशरमीचे फूलही असेच असते, कारण दोन्ही आयपोमिया याच प्रजातीतल्या.